तोवर

कवितेची शेवटची ओळ कुणालाच ऐकू आली नाही. वाचली मीच, माईकही नीट चालू होता, पण ती ओळ हशात बुडाली. तो हशा मी मागितलेला नव्हता. जिथे हसावं म्हणून मी आठ दिवस डोकं खाजवलं होतं तिथे लोक शहाण्यासारखे, मोजून हसले, आणि जिथे सगळी खोली जराशी गप्प व्हावी असं मनात होतं तिथे छत उडेल असा हशा झाला. ज्यांच्यासाठी कविता होती ते अण्णाही त्यात होते, चष्मा काढून डोळे पुसत. कार्यक्रम छान झाला असं सगळे म्हणाले. मी घरी येऊन कवितेचा कच्चा कागद पुन्हा काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसले. चुकलं कुठे?

अण्णा हे त्यांचं नाव नव्हे. खऱ्या नावाने त्यांना हाक मारणारं कार्यालयात कुणी उरलंच नव्हतं, त्यामुळे इथेही अण्णाच राहू देत. मात्रांच्या हिशेबानेही ते सोयीचं. ‘ण्णा’ या जोडाक्षराचा भार मागच्या ‘अ’वर पडतो, म्हणून दोन आणि दोन अशा चार मात्रा. आठ-आठ मात्रांत चालणाऱ्या ओळीत हे नाव विटेसारखं कुठेही बसतं. पाच मात्रांच्या नावाचा माणूस निवृत्त झाला असता तर माझे हाल झाले असते.

निरोपाची कविता लिहायचं काम माझ्याकडे येतं, कारण एकदा मी ते केलं होतं आणि तेव्हा कुणी स्पष्टपणे नको म्हणालं नव्हतं. ती पहिली कविता आठवली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. आमच्या विभागातल्या एक बाई निवृत्त होत होत्या. मी भुजंगप्रयात वृत्त घेतलं, कारण ते मला येत होतं. लघु, गुरू, गुरू असं चार वेळा, झालं. ‘तुम्ही चालला, सूर्य अस्तास गेला’ अशी सुरुवात. वृत्तात बिनचूक, आणि अर्थाने भयंकर. एक तर ही चाल लहानपणी पाठ केलेल्या श्लोकांची. पहिल्या दोन ओळींतच लोक ताठ बसले, मागच्या रांगेत हात जोडायचेच काय ते बाकी होते. त्या चालीत विनोद केला तरी तो उपदेश वाटतो. आणि दुसरं म्हणजे तो सूर्य. कार्यक्रम संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “कविता चांगली होती गं. पण अस्तास कुठे? मी तर पोहायला शिकायला निघालेय.”

त्या दिवसापासून मी एक यादी मनात ठेवली आहे. अस्त, सांजवेळ, पैलतीर, पोकळी, चिरविश्रांती. हे शब्द निवृत्तीच्या कवितेत शिरायला टपलेले असतात आणि शिरले की समोर बसलेल्या धडधाकट माणसाची श्रद्धांजली सुरू होते. त्याहून छुपा चोर म्हणजे भूतकाळ. ‘अण्णा वेळेवर येत असत’ असं म्हटलं की अण्णा गेलेच. ‘अण्णा येती’ म्हटलं की ते दारातून आत येताना दिसतात. म्हणून या वेळी ठरवलं, अण्णांच्या वाट्याला सगळी क्रियापदं वर्तमानकाळातली. फार तर ‘आले’ हे एक चालेल, कारण त्यात येणं आहे.

मग माल गोळा करायला निघाले. आधी प्रत्येकाला विचारत होते, “अण्णा कसे आहेत?” सगळ्यांनी विशेषणं दिली. मनमिळाऊ, शिस्तप्रिय, कष्टाळू, सगळ्यांना सांभाळून घेणारे. ही विशेषणं कुणाच्याही अंगाला येतात. त्यांतून अण्णांचा चेहरा दिसेना. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. “अण्णांवर शेवटचे कधी चिडला होतात?” यावर एकेकाची खुर्ची पुढे सरकली. हिशेबातला मुलगा म्हणाला, माझा रजेचा अर्ज त्यांनी परत पाठवला होता, मंजूर की नामंजूर ते राहिलं बाजूला, ‘आजारी’तली ‘री’ ऱ्हस्व पडली म्हणून. कुणी म्हणालं, त्यांच्या खणात चाव्यांचा एवढा मोठा जुडगा आहे, त्यातली एकही चावी कशाला लागत नाही, पण फेकू देत नाहीत. कुणी म्हणालं, संध्याकाळी दिवे आपण बंद केले तरी ते पुन्हा येऊन बघतात, आपल्यावर विश्वासच नाही. चिडून सांगता सांगता सगळे हसायला लागत होते. मला हवं होतं ते हेच. राग आणि माया यांच्या मधल्या जागेत माणसाच्या सवयी राहतात, आणि त्या सवयी वस्तूंना चिकटलेल्या असतात. पेन्सिल, चाव्या, पंखा. कवितेला वस्तू मिळाल्या की निम्मं काम होतं.

वृत्त या वेळी पादाकुलकाच्या वळणाचं धरलं. ओळीत सोळा मात्रा, आठवर एक हलका थांबा. बालगीतांपासून गप्पांपर्यंत कुठेही जाणारी ही चाल. चालताना म्हटली तरी पावलं जुळतात. शिवाय ऐकणाऱ्याला ओळ एकदाच मिळते. कागदावरची कविता मागे जाऊन पुन्हा वाचता येते, सभागृहात तसं नाही. एका ओळीत एकच गोष्ट, आणि ओळ संपली की ती गोष्टही संपलेली, हे सोळा मात्रांत आपोआप साधतं. पहिलं कडवं असं झालं:

घड्याळ अमुचे मागे पडले,
अण्णा आले, तेव्हा कळले.
आता कोणा बघुनी लावू
भिंतीवरले घड्याळ, भाऊ?

शेवटचा ‘भाऊ’ निव्वळ यमकासाठी पकडून आणलेला आहे, हे मी आधीच कबूल करते. पण मोठ्याने वाचताना तो माणूस उपयोगी पडला. ‘भाऊ’ म्हणताना मी समोर बघायचं ठरवलं आणि पहिल्याच कडव्यात कागदावरून डोळे वर उचलायला कारण मिळालं.

तिसरी ओळ आधी अशी नव्हती. ‘उद्यापासुनी कुणा बघावे’ अशी होती, आणि मनातल्या मनात म्हणताना ती झकास वाटत होती. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचली तेव्हा दर वेळी त्याच जागी जीभ अडखळायला लागली. बोटं मोडून मोजलं तर सतरा मात्रा. मी ‘उद्या’च्या तीन धरल्या होत्या, ‘घड्या’सारख्या. पण ‘घड्याळ’मध्ये ‘ड्या’ येतो तो अलगद, ‘घ’ला धक्का न देता, म्हणून ‘घ’ची एकच मात्रा. ‘उद्या’ म्हणताना मात्र आपण ‘द’वर आपटतो, तो आघात ‘उ’वर येतो आणि ‘उ’च्या दोन होतात. दोन्हीकडे तेच ‘य’चं जोडाक्षर. डोळ्यांना फरक दिसत नाही, तोंडाला कळतो. मनात वाचताना आपण ती जास्तीची मात्रा गिळतो. माईकसमोर गिळता येत नाही, तिथे ठेच लागते, आणि विनोदाच्या आधी ठेच लागली की विनोद मेला.

दुसरं कडवं पेन्सिलीचं. अण्णांच्या कानावर हिरवी पेन्सिल असते. लाल नाही, कारण लाल रंगाने माणूस घाबरतो असं त्यांचं म्हणणं. आम्ही हिरव्यालाही तेवढेच घाबरत होतो.

हिरवी पेन्सिल कानावरती,
चुका आमुच्या शोधत फिरती.
अर्ज रजेचा परतुन आला,
‘आजारी’ला दीर्घच घाला!

इथे एक अडचण होती. अर्जाचा किस्सा कार्यालयाला माहीत होता, पण पहिल्या रांगेत अण्णांच्या घरचे बसणार होते, पाहुणे असणार होते. ज्या विनोदाला आधी तळटीप सांगावी लागते तो अशा ठिकाणी कामाचा नाही. निम्मे लोक हसतात आणि उरलेले निम्मे आपण बाहेरचे आहोत हे समजून ओशाळे होतात. म्हणून ज्याचा अर्ज होता त्याचं नाव काढलं, तारीख काढली, मूळ किश्श्यात दोन दिवस चाललेला वाद होता तोही काढला. उरलं ते एवढंच की माणूस आजारी आहे आणि अण्णांना काळजी ‘री’ची आहे. हे कुणालाही कळतं.

तिसरं कडवं मला स्वतःला आवडतं. ते फारसं न खोडता एकदम आलं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खणात त्यांच्या काय नसावे?
कोणी मागे, त्यास मिळावे.
चाव्यांनी खण अवघा भरला,
कुलुपे गेली, जुडगा उरला!

या तिघांशिवाय आणखी एक कडवं होतं, दुपारच्या डुलकीचं. ‘दुपार झाली, डुलकी आली, फाइल अलगद उशीच झाली.’ सोळा-सोळा मात्रा, यमक नैसर्गिक, चित्र डोळ्यांसमोर. मी ते ज्या मैत्रिणीला वाचून दाखवलं ती खळखळून हसली आणि मग म्हणाली, “काढ ते.” मी वाद घातला. खोटं थोडंच आहे, रोज बघतो आपण. ती म्हणाली, “आपण बघतो म्हणून आपल्याला ते पुढचंही माहीत आहे. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते तास-दीड तास जास्त बसतात. त्यांच्या नातीला ते माहीत नाही. ती एवढंच घरी घेऊन जाईल की आजोबा कामावर झोपतात.” मी दोन दिवस रुसले, मग काढलं. पेन्सिलीबद्दल हसलं तर अण्णा स्वतः हसतील, कारण पेन्सिल त्यांनी कानावर हौसेने ठेवली आहे. डुलकी त्यांनी निवडलेली नाही, ती वयाने आणली. या फरकावर मी अजून विचार करते. शब्दांत नीट पकडता येत नाही, पण समोरच्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून ओळ वाचली की कळतं.

आणि मग शेवटचं कडवं, ज्याच्यासाठी बाकीची तीन होती.

सगळे गेले, अण्णा येती,
खिडक्या, दारे निरखुन घेती.
पंखा पुरता थांबे, तोवर
अण्णा उभेच उंबऱ्यावर.

हे मी एकदाच पाहिलं होतं. छत्री विसरले म्हणून संध्याकाळी परत आले, तर आमच्या मोठ्या खोलीत अंधार, आणि अण्णा दारात उभे. बटण बंद केलेलं, पण आमचा तो पंखा जुना आहे, बटण बंद केल्यावरही बराच वेळ रेंगाळतो, टक टक करत. ते त्याच्याकडे बघत उभे होते. आधी पाती दिसेनात, मग तीन दिसायला लागली, मग एकेक वेगळं मोजता येईल इतकं हळू. पूर्ण थांबल्यावर त्यांनी दार ओढलं. मी जिन्याच्या वळणावर थांबले होते, छत्री न घेताच गेले. त्यांना कधी विचारलं नाही की का थांबता. कवितेतही कारण दिलेलं नाही. या कडव्यात हसू नसावं, असलंच तर ओठांच्या आत, अशी माझी योजना होती. शेवटच्या ओळीत खरं म्हणजे पंधराच मात्रा भरतात. ‘उंबऱ्यावर’मधला ‘र’ लघु आहे. पण चरणाच्या टोकाचं अक्षर गुरू धरायची मुभा आहे, आणि वाचताना आपण ते लांबवतोच. पंख्याचं शेवटचं पातं जसं रेंगाळतं तसा तो ‘र’ रेंगाळावा, असं वाटलं होतं.

तयारीही चोख होती. मोबाईलवरून वाचायचं नाही; हशा चालू असताना पडदा काळा होतो आणि मग बोट फिरवत आपण जागा शोधत बसतो. कागदावर मोठ्या अक्षरांत, थांबायच्या जागी दोन तिरक्या रेघा. घड्याळ लावून वाचली तर सव्वा मिनिट, हशा धरून दोन. भाषणांच्या रांगेत कविता अण्णांच्या उत्तराच्या अगदी आधी लावून घेतली, म्हणजे त्यांना काही म्हणायचं असेल तर म्हणता येईल. आणि एक नियम स्वतःला बजावला होता: हशा आला की तो पूर्ण विरायची वाट बघायची नाही, निम्म्यावर उतरला की पुढची ओळ, पण निम्म्यावर येईपर्यंत काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

पहिली तीन कडवी तशीच गेली. ‘भाऊ’ला हसू, ‘दीर्घच घाला’ला मोठं हसू आणि कुणाचं तरी “माझाच अर्ज!” हे ओरडणं, ‘जुडगा उरला’ला टाळ्या. चौथं सुरू केलं. आवाज खाली घेतला. पहिल्या दोन ओळींना खोली हवी तशी शांत झाली. ‘पंखा पुरता थांबे, तोवर’ म्हटलं आणि दोन तिरक्या रेघांशी थांबले.

त्या शांततेत टक टक ऐकू आलं.

कार्यक्रम आमच्याच मोठ्या खोलीत होता, टेबलं भिंतीला लावून. तोच पंखा, आणि त्याच्या बरोबर खाली मानाची खुर्ची. मैत्रीण शपथेवर सांगते की आधी मी वर बघितलं. मला आठवत नाही. पण पुढच्या क्षणी साठेक माना एकदम वर गेल्या, आणि सगळ्यांनी बघितलं म्हणून अण्णांनीही वर बघितलं. काळजीने, काही बिघडलंय का अशा नजरेने, आणि अर्धवट उठलेसुद्धा. बस. छतच उडालं.

रात्री तो कच्चा कागद पुढे घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. मीच तर शिकवलं होतं त्यांना. तीन कडवी ओळीने तिसरी ओळ दोरी ताणते आणि चौथी सोडते, हे कानांना सवयीचं झालं होतं. चौथ्यातही तिसरी ओळ आली, ती तर वाक्याच्या मधेच तुटलेली, ‘तोवर’ म्हणून लटकलेली. दोरी इतकी ताणलेली आणि मी बोलत नाही. यमकाची वाट बघणारी साठ माणसं, आणि त्या रिकाम्या जागेत खराखुरा पंखा येऊन माझ्या आधी आपली ओळ म्हणून गेला. हळवं कडवं वेगळ्या चालीत नेलं असतं, निदान ओळी मधे तोडल्या नसत्या, तर कदाचित ते बघायच्या आधी ऐकत राहिले असते. आणि तेही ठीक होतं, पण मी घाबरले. स्वतःचा नियम मोडला. हशा शिगेला असताना, तो थांबणारच नाही अशा भीतीने, ‘अण्णा उभेच उंबऱ्यावर’ घाईघाईत वाचून टाकलं आणि खाली बसले. रेंगाळणारा ‘र’ बिचारा कुणाच्या पायाखाली आला कोण जाणे. पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. अर्ध्या मिनिटाचा धीर माझ्याकडे नव्हता.

अण्णांचं उत्तर दोन वाक्यांचं झालं, ते इथे लिहीत नाही. गर्दी पांगायला लागल्यावर ते माझ्यापाशी आले. “अगं, शेवटची ओळ ऐकू आली नाही.”

“वाचू का परत?”

“नको, दे इकडे.”

त्यांनी कागद घेतला, चष्मा वर-खाली करून जागा शोधली, आणि ओठ हलवत वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा. त्यांचा हात कानाकडे गेला. मी मनातल्या मनात सगळे ऱ्हस्व-दीर्घ तपासून पाहिले. पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली.

“उंबऱ्यावर?” ते म्हणाले. “इथे उंबरा कुठे आहे? सरळ फरशी आहे.”

“यमकासाठी, अण्णा.”

“असं.” त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली, कागदाची नीट चौकोनी घडी केली आणि वरच्या खिशात सरकवली. “राहू दे मग.” घरचे खाली वाट बघत होते, नात हात धरून ओढत होती. ते गेले. त्यांच्यामागून आम्ही सगळे, खुर्च्या तशाच, फुलं तशीच, बोलत बोलत, जिन्यावर पुन्हा एकदा ‘तोवर’ म्हणून हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली पोचले. दार उघडं होतं, दिवे चालू होते, आणि पंखा रात्रभर फिरत होता.